चार वर्षांच्या गाडीची आयडीव्ही एका वर्षात सव्वा लाखाने कशी उतरते?

प्रश्न: माझी पेट्रोल हॅचबॅक, 1200 सीसीच्या आतली, 2021 च्या दिवाळी पाडव्याला घेतलेली, एमएच-10 पासिंग. एकही क्लेम नाही, गाडी जेमतेम 22 हजार किलोमीटर चाललीय. गेल्या वर्षी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 5,04,000 होती, यंदा रिन्यूअलच्या नोटिशीत एकदम 3,84,000 आलीय. बाजारात हीच गाडी पाच लाखांना सहज जाते. दुसरी कंपनी 4,60,000 दाखवते. आमचे एजंट म्हणतात, कमीच राहू द्या, प्रीमियम वाचेल. आयडीव्ही नेमकी कोण ठरवतं, आणि यंदा एवढी का पडली? आम्ही सांगलीवाडीत राहतो, पुराचं पाणी दोनदा बघितलंय, म्हणून काळजी वाटते.

उत्तर: तुमच्या गाडीत काही खोट निघाली म्हणून आकडा पडलेला नाही. कंपनीने मुद्दाम कापलाय असंही दिसत नाही. यंदा दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. तुमची गाडी घसाऱ्याच्या तक्त्यात 40 टक्क्यांवरून 50 टक्क्यांच्या पायरीवर गेली, आणि ज्या किमतीवर हा घसारा लावतात ती नव्या गाडीची किंमतच सप्टेंबरमध्ये खाली आली. दोन्हींचा हिशोब पुढे मांडतो. मी सांगली-मिरज भागात मोटर सर्व्हेअर म्हणून, म्हणजे क्लेम आला की गाडीचं नुकसान मोजायचं, काम करतो. पॉलिसी विकत नाही, त्यामुळे आयडीव्ही वाढवा की कमी ठेवा यात माझं कमिशन अडकलेलं नाही.

आधी हा आकडा बनतो कसा ते बघू. तुम्ही 2021 साली शोरूमला किती पैसे मोजले याच्याशी रिन्यूअलचा संबंध नसतो. पॉलिसीत लिहिलेलं असतं की विमा सुरू होताना किंवा रिन्यूअल होताना त्याच ब्रँडच्या, त्याच मॉडेलच्या गाडीची उत्पादकाने जाहीर केलेली जी विक्री किंमत असेल, ती धरायची आणि तिच्यातून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. ही किंमत म्हणजे साधारण एक्स-शोरूम. त्यात रोड टॅक्स, नोंदणीचा खर्च आणि विम्याचा हप्ता येत नाही. लोक ऑन-रोड किंमत डोक्यात ठेवून आयडीव्हीशी तुलना करतात आणि पहिल्याच दिवशी लाखभर कुठे गेले म्हणून विचारतात. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स बसतो, म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर ऐंशी-नव्वद हजार तिथेच गेले. ते आयडीव्हीत कधीच नव्हते. तसंच तुम्हाला शोरूमने दिवाळीची सूट दिली असेल, तर तीही इथे मोजत नाहीत. किंमत धरायची ती जाहीर यादीतली.

घसाऱ्याचा तक्ता सगळ्यांना एकच आहे. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर 5 टक्के. सहा महिने ते एक वर्ष 15, एक ते दोन वर्षं 20, दोन ते तीन 30, तीन ते चार 40 आणि चार ते पाच 50 टक्के. तक्ता इथेच संपतो. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीची, आणि कंपनीने बनवणंच बंद केलेल्या मॉडेलची आयडीव्ही विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी आपसात ठरवायची, असं नियमात आहे.

आता तुमची गाडी घेऊ. तुम्ही किमती दिलेल्या नाहीत, पण गेल्या वर्षीच्या 5,04,000 वरून मागे जाता येतं. 60 टक्के म्हणजे 5,04,000, तर पूर्ण किंमत 8,40,000. त्याआधीच्या वर्षांचे आकडे मी अंदाजाने धरतो. 2021 मध्ये एक्स-शोरूम 7,60,000 असेल, तर 5 टक्के वजा जाऊन पहिली आयडीव्ही 7,22,000 लागली असेल. 2022 मध्ये कंपनीने किंमत वाढवून 7,90,000 केली असेल, तर 20 टक्के वजा जाऊन 6,32,000. 2023 मध्ये 8,10,000 वर 30 टक्के, म्हणजे 5,67,000. 2024 मध्ये 8,40,000 वर 40 टक्के, म्हणजे तुमचे 5,04,000.

यात एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या चार वर्षांत नव्या गाडीची किंमत चढत होती, आणि ती चढण तुमचा घसारा थोडा थोडा भरून काढत होती. तुमच्या मूळ 7,60,000 वरच 40 टक्के लावले असते तर गेल्या वर्षी 4,56,000 मिळाले असते. मिळाले 5,04,000. ते जादा अठ्ठेचाळीस हजार तुम्हाला कधी दिसले नाहीत, कारण कुणी वेगळे दाखवले नाहीत. यंदा हा प्रवाह उलटा फिरला. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का सेस असा मिळून 29 होता, तो 18 वर आला. 8,40,000 मधून जुना कर काढला तर मूळ किंमत सुमारे 6,51,000 उरते. त्यावर 18 टक्के चढवले की 7,68,000. त्याचे निम्मे 3,84,000. तुमच्या नोटिशीतला आकडा अगदी तोच आहे, म्हणजे कंपनीने नवी यादी धरून, तक्ता लावून सरळ हिशोब केलाय.

म्हणजे एकूण 1,20,000 पडले. त्यातले 84,000 पायरी बदलल्यामुळे, कारण किंमत 8,40,000 च राहिली असती तरी 50 टक्क्यांनी 4,20,000 च आले असते. उरलेले 36,000 जीएसटी कमी झाल्यामुळे. नव्या गाडीचं गिऱ्हाईक खूश झालं, आणि जुन्या गाडीवाल्याच्या आयडीव्हीला त्याचा फटका बसला. तसं बघायला गेलं तर यात अन्यायही नाही, कारण आज गाडी गेली तर त्या जागी नवी घ्यायलाही तुम्हाला बहात्तर हजार कमीच लागणार.

आणखी एक खाच सांगतो, कारण नव्या गाडीवाल्यांकडून ती तक्रार नेहमी येते. पहिल्या रिन्यूअलला पडझड सगळ्यात मोठी दिसते, कारण 5 टक्क्यांवरून थेट 20 वर उडी असते. मधली 15 टक्क्यांची पायरी नेहमीच्या रिन्यूअलला बहुधा लागतच नाही. पॉलिसी सुरू होते त्या दिवशी गाडीला वर्ष पूर्ण झालेलं असतं. मात्र गाडीची पॉलिसी ताबा घेताना निघते आणि आरटीओची नोंदणी चार-आठ दिवसांनी होते. ज्या कंपनीची सिस्टीम नोंदणीच्या तारखेपासून वय मोजते, तिथे रिन्यूअलच्या दिवशी गाडी वर्षाला चार-आठ दिवस कमी भरते आणि 15 टक्केच कापले जातात. दोन शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात घेतलेल्या सारख्या गाड्यांच्या आयडीव्हीत चाळीस हजारांचा फरक दिसला, तर एवढ्या साध्या कारणाने तो असू शकतो.

किलोमीटरचं म्हणाल, तर तक्ता ते बघत नाही. 22 हजार चाललेली असो की दीड लाख, पाच वर्षांच्या आत दोघींना एकच पायरी. गाडी घरात उभी होती, सर्व्हिसिंग वेळेवर केलं, रंग जसाच्या तसा आहे, याला सेकंडहँडच्या बाजारात भाव येतो, आयडीव्हीत येत नाही. ही पद्धत आंधळी वाटते, पण ती मुद्दाम तशी केलेली आहे. 2002 च्या मोटर टॅरिफच्या, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेल्या दरपत्रकाच्या आधी मालक आपल्या अंदाजाने किंमत लिहायचा, हप्ता त्यावर भरायचा, आणि गाडी गेली की कंपनी म्हणायची, अपघाताच्या दिवशी बाजारभाव एवढाच होता. मग त्या बाजारभावावर भांडण. कुणी गॅरेजवाल्याचं पत्र आणायचा, कुणी एजंटाचा दाखला. आयडीव्ही आल्यावर एक गोष्ट पक्की झाली. पॉलिसीवर छापलेली रक्कम हीच त्या वर्षभरासाठी गाडीची बाजारातली किंमत मानायची, मधे आणखी घसारा काढायचा नाही. तुमची गाडी पॉलिसीच्या पहिल्या आठवड्यात चोरीला गेली काय आणि अकराव्या महिन्यात गेली काय, रक्कम तीच. वर्षाच्या सुरुवातीला आकडा पडलेला बघून त्रास होतो, पण वर्षभर तो हलत नाही, हा त्यातला मालकाच्या बाजूचा भाग आहे.

आता दुसऱ्या कंपनीचे 4,60,000 कुठून आले? टॅरिफ जाऊन बरीच वर्षं झाली. 2007 पासून कंपन्या ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा दर आपापला लावतात, आणि आयडीव्हीसुद्धा तक्त्याच्या आकड्याभोवती थोडी खालीवर निवडायची मुभा देतात. ऑनलाइन कोटेशन काढताना कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे दिसतात, ते हेच. तुमच्या बाबतीत मला वाटतं त्या कंपनीच्या सिस्टीममध्ये जुनी 8,40,000 ची यादीच चालू आहे. त्याचे निम्मे 4,20,000, आणि त्यावर दहा टक्क्यांपर्यंत वर जायची सोय असली की 4,62,000 पर्यंत जाता येतं. त्यामुळे आकडा अशक्य नाही.

पण पैसे भरायच्या आधी एक खात्री करा. त्या कोटेशनवर व्हेरिएंट कोणता लिहिलाय ते आरसी समोर धरून वाचा. एकाच मॉडेलचे सात-आठ व्हेरिएंट असतात, मॅन्युअल, ऑटोमॅटिक, वरचा, खालचा, आणि त्यांच्या किमतीत दीड-दोन लाखांचं अंतर असतं. कोटेशन काढणाऱ्याने घाईत यादीतलं चुकीचं नाव निवडलं की आयडीव्ही आपोआप फुगते. हप्ता भरताना कुणी अडवत नाही. क्लेमच्या वेळी आरसी, चेसिस नंबर आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवली जाते, आणि तिथे व्हेरिएंट जुळला नाही की सगळं थांबतं. बनावटीचं वर्ष आणि महिना, इंधन, सीसी हेही तेव्हाच बघून घ्या. आपल्याकडे बाहेरून सीएनजी किट बसवणारे खूप आहेत. त्या किटची किंमत आयडीव्हीच्या कोष्टकात वेगळ्या रकान्यात असते. तिथे शून्य असेल आणि गाडीत टाकी असेल, तर किटचे पैसे मिळत नाहीत आणि क्लेमवरच प्रश्न उभा राहतो. आरसीवर नोंद हवी आणि पॉलिसीवरही हवी.

एजंटांचं म्हणणं पैशांत तपासू. तुमची गाडी 1000 ते 1500 सीसीच्या गटात आहे असं धरतो. सांगली, सातारा हे बी झोनमध्ये येतं. पुणे, मुंबई ए झोनमध्ये. जुन्या टॅरिफप्रमाणे पाच वर्षांच्या आतल्या अशा गाडीचा बी झोनचा ओन डॅमेज दर आयडीव्हीच्या 3.191 टक्के, आणि आजही बऱ्याच कंपन्या हिशोबाची सुरुवात तिथूनच करून मग सूट देतात. 3,84,000 वर हा हप्ता 12,253 होतो, 4,60,000 वर 14,679. समजा कंपनीने 60 टक्के सूट दिली. मग 4,901 आणि 5,872. चार वर्षं क्लेम नाही म्हणून तुमचा नो क्लेम बोनस 45 टक्के. तो गेला की 2,696 आणि 3,229. फरक 533 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून साधारण 630. म्हणजे 76,000 रुपयांचं जास्तीचं संरक्षण सहाशे-साडेसहाशेत येतं. झिरो डेप, म्हणजे दुरुस्तीत सुट्या भागांवर घसारा न कापण्याचं अॅड-ऑन, घेत असाल तर त्याचाही हप्ता आयडीव्हीवरच निघतो, म्हणून आणखी शे-दीडशे धरा. एजंट वाचवतात ते एवढेच.

इथेच दुसरं एक कोडं सुटतं. आयडीव्ही एवढी पडली तरी प्रीमियम तेवढ्या प्रमाणात का पडत नाही? कारण पॉलिसीचा थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीचा भाग आयडीव्ही बघतच नाही. तो सरकारी अधिसूचनेने सीसीप्रमाणे ठरतो. तुमच्या गटाला 2022 च्या अधिसूचनेप्रमाणे तो 3,416 आहे. तुमच्यासारख्या जुन्या बोनसवाल्याच्या पॉलिसीत थर्ड पार्टीच ओन डॅमेजपेक्षा मोठा निघतो. मग आयडीव्ही कमी करून वाचणार काय?

आता पुराचं. तुम्ही सांगलीवाडीचे म्हणजे 2019 आणि 2021 दोन्ही अनुभव गाठीला आहेत. आयर्विन पुलाखाली पाणी चाळिशीच्या फुटाला आलं की गाड्या विश्रामबागेकडे हलवायची लगबग सुरू होते, पण हलवता आली नाही तर काय, याचा विचार आयडीव्ही निवडताना करायचा असतो. आणि इथे जास्त आयडीव्ही म्हणजे नेहमी जास्त फायदा असं सरळ गणित नाही. हा भाग एजंट सहसा सांगत नाहीत.

आयडीव्ही दोन कामं करते. एक, गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर मिळणारी रक्कम ठरवते. दुसरं, गाडी पूर्ण गेली असं कधी म्हणायचं हेही तीच ठरवते. पॉलिसीच्या अटींना धरून ओढून नेण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की ती गाडी टोटल लॉसमध्ये जाते. 3,84,000 चे 75 टक्के 2,88,000. 4,60,000 चे 3,45,000. इथे खर्च म्हणजे गॅरेजने छापून दिलेलं एस्टिमेट नव्हे. सर्व्हेअर त्यातलं काय घेतो, काय वगळतो आणि सुट्या भागांवर घसारा लावून काय उरतं, ती रक्कम.

हा सुट्या भागांचा घसारा वेगळा, त्याची आयडीव्हीच्या तक्त्याशी गल्लत करू नका. दुरुस्तीच्या क्लेममध्ये प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के कापतात, वय काहीही असो. फायबर ग्लासवर 30. काचेवर काहीच नाही. लोखंडी-पत्र्याच्या भागावर वयाप्रमाणे, तुमच्या गाडीला यंदा 35 टक्के. पुरात बुडालेल्या गाडीत बदलायला लागतात त्या वायरिंग, सेन्सर, सीटचा फोम, डोअर ट्रिम, बॅटरी अशा वस्तू. त्यातल्या बऱ्याच निम्म्याच्या रकान्यात.

समजा डॅशबोर्डपर्यंत पाणी चढलं. गॅरेजचं एस्टिमेट साडेचार लाखांचं आलं. झिरो डेप नाही, म्हणून घसारा जाऊन सर्व्हेअरच्या हिशोबात 3,20,000 बसले. आयडीव्ही 3,84,000 असेल तर हा आकडा 2,88,000 च्या वर आहे. गाडी टोटल लॉस, तुम्हाला सक्तीची वजावट 1,000 जाऊन 3,83,000 मिळणार. आयडीव्ही 4,60,000 असेल तर 3,20,000 हे 3,45,000 च्या खाली राहतात. गाडी दुरुस्तच करायची, कंपनी 3,19,000 देणार, गॅरेजचे उरलेले 1,31,000 तुमच्या खिशातून. वर पुरात बुडालेली गाडी परत दारात, आणि वायरिंग पुढची दोन वर्षं कुठे कुठे गंज धरेल ते बघत बसायचं. म्हणजे जास्त हप्ता भरून हातात कमी आलं.

हाच पूर झिरो डेप असताना बघा. घसारा कापायचा नाही, म्हणून सर्व्हेअरच्या हिशोबात वगळलेल्या किरकोळ गोष्टी सोडून 4,20,000 बसले. दोन्ही आयडीव्हींच्या 75 टक्क्यांच्या हे वर आहे. दोन्हीकडे टोटल लॉस, आणि आता 4,60,000 वाल्याला 4,59,000 मिळतात. पाणी फक्त सीटपर्यंत आलं आणि खर्च दोन लाखांचाच निघाला, तर दोन्हीकडे दुरुस्ती, आणि झिरो डेपवाल्याचं खिशातून जवळजवळ काही जात नाही. म्हणून माझं मत असं, की पूररेषेत राहणाऱ्याने आधी झिरो डेप बघावं आणि मग आयडीव्ही वर न्यावी. नुसती आयडीव्ही वाढवून झिरो डेप वगळणं हा सगळ्यात वाईट मेळ. सोबत इंजिन प्रोटेक्टही घ्या. पाण्यात उभ्या गाडीला कुणी चावी मारली आणि इंजिनने पाणी ओढलं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही असं म्हणून कंपन्या तो भाग नाकारतात, आणि मग सर्व्हेअरच्या हिशोबातून इंजिनच बाहेर जातं. टोटल लॉसची रेषा गाठायला तेच कमी पडतं.

टोटल लॉस ठरल्यावरही सगळी रक्कम थेट तुमच्या खात्यात येईल असं नाही. आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन असेल तर आधी बँकेची बाकी जाते. सात वर्षांचं कर्ज असेल आणि चौथ्या वर्षी बाकी आयडीव्हीपेक्षा जास्त असेल, तर वरचा फरक तुम्ही भरायचा. गाडीचा सांगाडा स्वतःकडे ठेवायचा असेल, तर त्याला बोलीत आलेला भाव वजा होतो. समजा भंगाराला 1,20,000 ची बोली आली, तर 4,60,000 मधून ते आणि 1,000 जाऊन 3,39,000. गॅरेजवाले हा सौदा पटवतात, पण बुडालेली गाडी घरी ठेवायची हौस तुम्ही करू नये असं मला वाटतं. कंपनीला गाडी दिलीत तर आरसीची नोंद रद्द किंवा नावावर झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नाहीतर दुसऱ्या राज्यात दुरुस्त होऊन फिरणाऱ्या गाडीचे चलन तुमच्या नावाने येतात.

चोरीत मात्र हा 75 टक्क्यांचा गुंता नाही. गाडी सापडली नाही आणि पोलिसांची ए समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, कोर्टात मंजूर झाली, की पूर्ण आयडीव्ही. दोन्ही चाव्या जपून ठेवा, त्या मागतातच. चोरीपुरतं बघितलं तर जास्त आयडीव्ही नेहमीच फायद्याची.

तुम्ही लिहिलंय की बाजारात गाडी पाच लाखांना जाते. जात असेल. या तक्त्याची पन्नास टक्क्यांची पायरी बाजारापेक्षा कडक आहे, विशेषतः खप चांगला असलेल्या पेट्रोल हॅचबॅकला. उलट डिझेल सेडान किंवा महागड्या एसयूव्हीला सेकंडहँडमध्ये भाव मिळत नाही, तिथे आयडीव्ही बाजारापेक्षा वर असते. पण म्हणून पाच लाख द्याच असं कंपनीला सांगता येत नाही, त्यांनी दाखवलेल्या मर्यादेतच वरचा आकडा निवडायचा. रिटर्न टू इन्व्हॉइस नावाचं अॅड-ऑन हा फरक भरून काढतं, त्यात रोड टॅक्स आणि नोंदणीचे पैसेही येतात, पण बहुतेक कंपन्या ते गाडी तीन वर्षांची होईपर्यंतच देतात. तुमची वेळ गेली.

तर यंदा असं करा. आधी तुमच्या सध्याच्या कंपनीला फोन करून विचारा, वरची मर्यादा किती. 3,84,000 हा मधला आकडा असेल तर तीच कंपनी 4,20,000 च्या आसपास देऊ शकेल. मग दोन्ही कंपन्यांची कोटेशन एकाच आयडीव्हीवर, एकाच अॅड-ऑनसह मागा. वेगवेगळ्या आयडीव्हीची कोटेशन शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवता येत नाही, आणि एजंटांनी दाखवलेलं ‘स्वस्त’ बहुतेक वेळा तिथेच लपलेलं असतं. 4,60,000 वाल्या कोटेशनवर व्हेरिएंट बरोबर असेल आणि झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट मिळत असेल, तर मी तेच घेईन. झिरो डेप मिळत नसेल तर 4,20,000 च्या पुढे जायचं कारण मला दिसत नाही. कंपनी बदललीत तरी 45 टक्के बोनस तुमच्याबरोबर येतो, फक्त जुनी पॉलिसी संपायच्या आत नवी सुरू व्हायला हवी. मधे दिवस गेले तर गाडी तपासायला माणूस येईल, आणि नव्वद दिवसांच्या पुढे गेलं की बोनसच जाईल.

पुढच्या वर्षाचीही तयारी ठेवा. 2026 च्या नोव्हेंबरात गाडीला पाच वर्षं होतील आणि तक्ता संपेल. मग आकडा आपसात ठरवायचा, म्हणजे व्यवहारात कंपनीची सिस्टीम एक आकडा पुढे करणार आणि बहुतेक लोक तो न वाचता पैसे भरणार. त्या वर्षी तुमचं 22 हजार किलोमीटरचं आणि बाजारभावाचं म्हणणं मांडायला पहिल्यांदा जागा आहे. ओळखीच्या दोन सेकंडहँड डीलरकडून त्याच वर्षाच्या, त्याच व्हेरिएंटच्या गाडीचे भाव लेखी घ्या, सर्व्हिस रेकॉर्ड जोडा आणि पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी मेल टाका. ओन डॅमेजचा मूळ दर पाच वर्षांनंतर वरच्या पायरीवर जातो, बी झोनमध्ये तुमच्या गटाला 3.191 चा 3.351 होतो, तेव्हा आयडीव्ही पडूनही हप्ता तेवढाच आला तर दचकू नका. झिरो डेप काही कंपन्या पाच वर्षांनी बंद करतात, काही पुढेही देतात. पुढच्या वर्षी कंपनी निवडताना आयडीव्हीच्या आधी हे विचारून घ्या.